काकूंना 300, वहिनींना 300: एका छोट्या व्हिडिओच्या नोंदी

2 जुलै

पाणी फिल्टरच्या सर्व्हिसवाल्या मालकांकडे बैठक. पावसाचं गढूळ पाणी नळाला आलं की त्यांचे फोन वाढतात, त्यामुळे योजना याच महिन्यात सुरू करायची आहे. जुन्या ग्राहकाच्या ओळखीने नवा ग्राहक आला की दोघांनाही 300 रुपयांची सवलत. ती समजावणारा मिनिटाच्या आतला व्हिडिओ हवा, व्हॉट्सॲपवर पाठवायला. मालकांची एकच अट: "ताई, एकदा बघून कळलं पाहिजे. दुसऱ्यांदा कोणी बघत नाही."

अट बरोबर आहे. पण त्यांनी मागच्या वर्षी छापलेलं पत्रक दाखवलं, तेव्हा अडचण कुठे आहे ते लगेच दिसलं. पत्रकावर योजनेचे सात मुद्दे. मी तिथेच त्यांच्या ऑफिसातल्या मुलीला वाचायला दिलं आणि पत्रक बाजूला ठेवून विचारलं, "समजा मी तुझी शेजारीण आहे, मी काय करायचं?" ती हसली आणि म्हणाली, "तुम्ही कोड टाकायचा." कुठे? ते तिला सांगता येईना. रोज फोन घेणारी मुलगी ती.

3 जुलै

आज कॅमेरा नाही, स्क्रिप्टही नाही. फक्त नियम मांडले. मालकांनी सांगितल्याप्रमाणे ते असे: नवा ग्राहक नाशिक शहरातला हवा. त्याने वर्षाची सर्व्हिस घ्यायला हवी, नुसती एक भेट चालणार नाही. फॉर्ममध्ये कोड टाकायचा. जुन्या ग्राहकाला सवलत नूतनीकरणाच्या बिलात. वर्षाला जास्तीत जास्त 5 जण.

प्रत्येकावर एक प्रश्न लावला: ही गोष्ट माहीत नसल्यामुळे ग्राहकाची फसगत होईल का?

शहराची अट आधी उडाली. त्यांचा माणूस शहराबाहेर जातच नाही, मग ती योजनेची अट कशी? 5 जणांची मर्यादा खरी आहे, पण मालकांच्या रजिस्टरप्रमाणे आजवर कोणी 3 च्या पुढे गेलेलं नाही. ती व्हिडिओखालच्या मेसेजमध्ये जाईल. 'वर्षाची सर्व्हिस घेतली तरच' ही मात्र मुख्य अट. ती खाली बारीक अक्षरात टाकता येणार नाही. 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच फाँटमध्ये हवा. कायदा बाजूला ठेवला तरी, जी अट लपवावी लागते ती पुढे फोनवर भांडण होऊनच परत येते.

कोडवर बराच वेळ गेला. मालकांना तो प्रिय आहे, कारण कोणाच्या ओळखीने कोण आलं हे त्यातून कळतं. मी विचारलं, तुमच्या रजिस्टरमध्ये ग्राहक कशावरून शोधता? मोबाईल नंबरवरून. मग तोच कोड. नव्या ग्राहकाने फोन करताना जुन्या ग्राहकाचा मोबाईल नंबर सांगायचा. नवं काही लक्षात ठेवायला नको, फॉर्म नको.

आणि नूतनीकरण. एखाद्या काकूंनी मे महिन्यात वर्षाचे पैसे भरले असतील आणि जुलैत वहिनींना आणलं, तर त्यांचे 300 रुपये पुढच्या मे महिन्यात वजा होणार. दहा महिने. मी म्हटलं, हे व्हिडिओत खरं सांगितलं तर कोणी हलणार नाही, आणि नाही सांगितलं तर मे महिन्यात तुम्ही शिव्या खाल. मालकांनी रात्री फोन केला: "पुढचं कुठलंही बिल धरा. कँडल बदलली तरी वजा करू." कँडल म्हणजे बाहेरच्या भांड्यातला गाळ अडवणारा फिल्टर; तो मधेच बदलावाच लागतो. या एका फोनने व्हिडिओतली निदान दहा सेकंदं वाचली.

5 जुलै

पहिली स्क्रिप्ट. मोबाईलवर स्वतःच्या आवाजात वाचली आणि साधी चित्रं जोडून कच्चा व्हिडिओ केला, 52 सेकंदांचा. सुरुवातीला कंपनीचं नाव, मग "आनंदाची बातमी!", मग योजना, मग एक ॲनिमेशन: मधे एक माणूस, त्यातून दोन, दोनातून चार. शेवटी अटी. मामेभाऊ (कॅमेरा तोच बघतो) म्हणाला, झकास. मलाही झकासच वाटलं होतं. पाच मिनिटं.

7 जुलै

सिडकोतल्या एका बिल्डिंगमध्ये पहिली चाचणी, सहा जणांवर. पद्धत लिहून ठेवते, कारण पुढे सगळं तिच्यावरच उभं आहे. व्हिडिओ एकदाच दाखवायचा, त्यांच्याच हातातल्या फोनवर. संपला की फोन काढून घ्यायचा. दोन मिनिटं दुसरं काहीतरी बोलायचं, पाऊस, भाजी, रस्त्यांची खोदकामं. मग म्हणायचं: "आता हे तुमच्या शेजारणीला तुमच्या शब्दांत सांगा." मधे आपण बोलायचं नाही. 'समजलं का?' असं तर अजिबात विचारायचं नाही, कारण त्यावर माणूस 'हो' म्हणतो, समजलेलं असो वा नसो.

त्यांच्या सांगण्यात चार गोष्टी आल्या का तेवढंच बघायचं: कोणी काय करायचं, कोणाला किती, केव्हा, आणि काय झालं नाही तर काहीच मिळत नाही.

चारही गोष्टी एकाच्याही तोंडून आल्या नाहीत. रक्कम सहाही जणांनी सांगितली. 300 हा आकडा पक्का बसला होता. बाकी सगळं त्या आकड्याभोवती प्रत्येकाने आपापलं रचलं होतं.

एक काका म्हणाले, "नंबर पाठवले की 300 मिळतात, एकाला 300. दहा पाठवले की 3,000." स्क्रिप्टमध्ये वाक्य होतं: 'तुमच्या ओळखीच्यांचे नंबर आम्हाला कळवा.' त्यांनी ते अगदी बरोबर ऐकलं होतं, चूक वाक्याची. त्याच वाक्यावर एक ताई अडल्या: "न विचारता दुसरीचा नंबर कसा द्यायचा? मग तिला फोन येत बसतील." रास्त बोलल्या.

दोघींना 'बक्षीस' या शब्दावरून लकी ड्रॉ वाटला. आणि तळमजल्यावरच्या आजींनी तर निकालच लावला: "हे साखळीवालं आहे. माझ्या भावाचे गेलेत पैसे त्यात." मी स्क्रिप्ट चाळली. साखळीचा एक शब्द नाही. मग लक्षात आलं, माझं ॲनिमेशन. एकातून दोन, दोनातून चार. ते चित्र या लोकांनी दहा सभागृहांमध्ये पडद्यावर पाहिलेलं आहे, आणि प्रत्येक वेळी त्याचा शेवट एकच झालेला आहे. आवाज काय सांगतोय याला मग अर्थ उरत नाही.

8 जुलै

शब्द बदलायला बसले.

'रेफरल' कोणी म्हणत नाही, ते कधीच काढलं होतं. 'शिफारस' लिहून पाहिलं, तर नोकरीसाठी वशिला लावल्यासारखं वाटतं. 'बक्षीस' लकी ड्रॉमुळे बाद. 'कॅशबॅक' म्हटलं की माणूस खात्यात पैसे शोधतो, आणि इथे खात्यात काही येणार नाही. 'सूट' चालेल, पण किराणा दुकानातली सूट आत्ताच्या बिलावर असते; काकूंची पुढच्या बिलावर आहे. शेवटी 'वजा'. पुढच्या बिलातून 300 रुपये वजा. यात रक्कम कुठून जाणार आणि कुठे दिसणार हे दोन्ही आलं.

दुसरी गोष्ट सर्वनामांची, आणि ही मला आधी दिसायला हवी होती. कच्च्या स्क्रिप्टमधलं वाक्य: 'त्यांनी पैसे भरल्यावर तुम्हाला आणि त्यांना 300 रुपये.' आता हा व्हिडिओ काकू पाहतात आणि वहिनींना पुढे पाठवतात. वहिनी पाहतात तेव्हा 'तुम्ही' कोण? वहिनी. मग 'ते' कोण? कंपनी? मराठीत 'त्यांना' एका मोठ्या माणसालाही लागतं आणि दहा जणांनाही. म्हणजे व्हिडिओ पुढे पाठवला की त्याचा अर्थ उलटा होतो, आणि हा व्हिडिओ तर पुढे पाठवण्यासाठीच आहे.

म्हणून व्हिडिओत दोनच माणसं, काकू आणि वहिनी, आणि प्रत्येक वाक्यात नाव घेऊनच बोलायचं. काकू जुन्या ग्राहक, वहिनी नव्या. कोणीही पाहिलं तरी ती काकू किंवा वहिनी यांपैकी एक असेल. 'तुम्ही' फक्त शेवटच्या वाक्यात.

9 जुलै

आज मुख्य गाठ सुटली. लोकांना रक्कम आठवत होती आणि अट आठवत नव्हती. मी अट ठळक करत होते, दोनदा सांगत होते, लाल करत होते. उपयोग शून्य. मामेभावाने वैतागून विचारलं, "पण हे घडतं कसं, ते क्रमाने सांग ना." मी सांगत गेले. वहिनी विचारतात, काकू नंबर देतात, वहिनी फोन करतात, माणूस येतो, वहिनी पैसे भरतात, मग काकूंच्या फोनवर मेसेज. सांगता सांगता कळलं की यात अट नावाची वेगळी वस्तूच नाही. वहिनींनी पैसे भरले आणि लगेच काकूंचा फोन वाजला, हे डोळ्यांना दिसलं की 'भरल्यावरच' हा शब्द बोलायची गरज राहत नाही. बघणारा घटना क्रमाने लक्षात ठेवतो. 'जर', 'तर', 'अन्यथा' यांनी बांधलेलं वाक्य मात्र तो ऐकता ऐकताच सोडून देतो.

एक बाजू तरी उरतेच. वहिनींनी नुसती चौकशी करून सोडून दिलं तर? ही उलटी बाजू दाखवली नाही तर सिडकोतले काका पुन्हा 3,000 चा हिशेब करतील. तीन सेकंदांचा एक शॉट: वहिनी फोन ठेवतात, मान हलवून नको म्हणतात, आणि काकूंचा फोन ओट्यावर गप्प पडलेला. बस.

नवी स्क्रिप्ट, पूर्ण:

काकूंकडे आमची वर्षाची सर्व्हिस आहे. वहिनींनी विचारलं, "काकू, फिल्टरला कोण येतं तुमच्याकडे?" काकूंनी आमचा नंबर दिला. वहिनींनी फोन केला आणि काकूंचा मोबाईल नंबर सांगितला. वर्षाचं बिल 2,400. वहिनींनी भरले 2,100. लगेच काकूंना मेसेज आला: तुमच्या पुढच्या बिलातून 300 रुपये वजा. वहिनींनी नुसती चौकशी केली असती, तर कोणालाच काही नाही. आमचा नंबर शेजारणीला द्या. आणि तिला सांगा, फोन करताना तुमचा नंबर सांगायचा.

निवांत लयीत वाचायला 38 सेकंदं लागली. कंपनीचं नाव शेवटी. मालकांना ते सुरुवातीला हवं होतं. मी म्हटलं, तुमच्याच नंबरवरून मेसेज जातोय, नाव वर दिसतंच आहे.

11 जुलै

शूटिंग, इंदिरानगरमधल्या एका ओळखीच्या घरी. काकू खऱ्याच ग्राहक आहेत, त्यामुळे ओट्यावरचा फिल्टर आणि त्याच्या पाइपवरचा पिवळेपणाही खरा. फोन उभा धरून सगळं टिपलं, कारण पाहिलंही उभ्यानेच जाणार.

बिलाचा शॉट पाच वेळा घेतला. पहिल्यांदा बिलावर छापील 2,100 दाखवलं होतं. त्यातून काही कळत नाही, 2,100 ही एक रक्कम आहे एवढंच. मग टेक्निशियनने पावती पुस्तकात पेनने 2,400 लिहिलं, खाली '– 300', रेघ ओढली आणि 2,100. त्याचा हात, पेनचा आवाज, कार्बनखालची निळी प्रत. वजाबाकी होताना दिसली पाहिजे, झालेली नव्हे. हा शॉट चार सेकंदं आहे आणि त्यावर निवेदन थोडंच आहे. मालक म्हणाले, इथे थोडं संगीत टाका. नाही टाकलं. वहिनींचं बिल आणि काकूंचा मेसेज, दोन्हीकडे '300' एकाच रंगात आणि पडद्यावर एकाच जागी ठेवलं, म्हणजे रक्कम सारखीच आहे हे सांगावं लागणार नाही.

13 जुलै

संपादन. अक्षरांनी छळलं. पडद्यावर 'वर्षाची' लिहिलं की रफार सुटून भलतीकडेच जाऊन बसायचा, 'सर्व्हिस'मधलं जोडाक्षर फुटायचं. आफ्टर इफेक्ट्सच्या Preferences मध्ये Type खाली Text Engine असतं, तिथे `South Asian and Middle Eastern` निवडायचं राहिलं होतं. निवडल्यावर अक्षरं नीट जुळली. फाँट 'मुक्त' नावाचा, जाड वजनाचा. बारीक रेषांची अक्षरं व्हॉट्सॲपने व्हिडिओ दाबला की विरघळतात.

पडद्यावर एका वेळी एकच ओळ, चार-पाच शब्दांची. आवाज बंद ठेवून पाहणारे बरेच असतात, म्हणून ओळी लागतातच. पण निवेदनाचं वाक्यन् वाक्य पडद्यावर चढवलं की डोळा वाचण्यात अडकतो आणि हाताकडे लक्ष जात नाही. म्हणून ओळीत फक्त कृती: 'वहिनींनी भरले 2,100'. 'काकूंना मेसेज'. वरचा आणि खालचा भाग रिकामा सोडला. स्टेटसला ठेवल्यावर तिथे नाव आणि उत्तराची पट्टी येते.

14 जुलै

दुसरी चाचणी, या वेळी नाशिकरोडला, सहा नवे लोक. एकदा पाहिलेला माणूस पुन्हा वापरायचा नाही. त्याला आता उत्तर माहीत आहे. त्यांतल्या तिघांना आवाज बंद करून दाखवला.

चार जणांनी चारही गोष्टी सांगितल्या. साखळी कोणालाच वाटली नाही. एका आजोबांनी तर माझ्या अपेक्षेपेक्षा नीट सांगितलं: "सुनेने पैसे भरले की सासूचे वाचतात." नातं त्यांनी स्वतःच लावलं, हिशेब बरोबर.

जे दोघे चुकले ते दोघेही आवाज बंद असलेले, आणि दोघे एकाच ठिकाणी चुकले. काकूंना पैसे केव्हा मिळतात हे त्यांना सांगता आलं नाही. मेसेजचा शॉट मोजला: दीड सेकंद. मला मजकूर पाठ होता म्हणून तो पुरेसा वाटला. चार सेकंदं केला, आणि काकू तो मेसेज बोट ठेवून वाचतात तो तुकडा जोडला. बोट जाईल तिकडे बघणाऱ्याचा डोळा जातो. जागा करायला वहिनींचा दारात चपला काढण्याचा शॉट गेला. चांगला होता. एकूण लांबी पुन्हा 38.

16 जुलै

दुरुस्त केलेला व्हिडिओ आवाज बंद करून आणखी चौघांना दाखवला. चौघांनीही 'केव्हा' सांगितलं. एकाने फोन करताना काकूंचा नंबर सांगायचा हे विसरलं. ते ऑफिसातल्या मुलीवर सोपवलं: नव्या माणसाचा फोन आला की तिनेच विचारायचं, "आमचा नंबर कोणी दिला?" जी गोष्ट फोनवर एका प्रश्नात सुटते तिच्यासाठी व्हिडिओ ताणायचा नाही.

पाठवण्यासाठी फाइल तयार केली:

```
ffmpeg -i kaku_final.mov -vf scale=720:1280 \
  -c:v libx264 -crf 24 -pix_fmt yuv420p \
  -c:a aac -b:a 128k -movflags +faststart kaku_wa.mp4
```

व्हॉट्सॲप बिझनेसच्या एपीआयमधून पाठवायचं तर व्हिडिओ H.264, आवाज AAC आणि फाइल 16 एमबीच्या आत लागते. ही बरीच आत बसली. तिथून स्वतःला पाठवली, मग मामेभावाच्या जुन्या, काच तडकलेल्या फोनवर पुढे पाठवली आणि त्यावर पाहिली. पावतीवरचं '– 300' वाचता येतं का, एवढंच बघायचं होतं. येतं.

18 जुलै

आज सकाळी 11 वाजता पाठवला. खालचा मजकूर तीन ओळींचा: योजना कधीपर्यंत, वर्षाला जास्तीत जास्त 5 जण, फोन नंबर. मालकांनी 'मोफत' शब्द घालायचा आग्रह धरला होता, म्हणजे 'आठ जण आणा, वर्ष मोफत' असा हिशेब. पण 5 ची मर्यादा त्यांचीच. त्यांनाच आकडे मांडून दाखवले, मग हसले.

25 जुलै

ऑफिसातल्या मुलीच्या वहीत आठवड्याच्या नोंदी पाहिल्या. मी तिला वेगळा रकाना करायला सांगितला होता: ओळखीने आलेल्याने काय विचारलं. योजना काय आहे, पैसे कोणाला, असा प्रश्न एकाही ओळीत नाही. बहुतेकांनी काकूंचा, मावशीचा, साडूचा नंबर स्वतःहून सांगितला.

एक प्रश्न मात्र तीनदा आला आहे. "आमच्याकडे दुसऱ्या कंपनीचा फिल्टर आहे, चालेल का?" चालतो, ते सगळ्यांचीच सर्व्हिस करतात. व्हिडिओतल्या काकूंच्या फिल्टरवर मात्र एक ठळक लोगो दिसतो, आणि तो मी पाच टेकमध्ये एकदाही पाहिला नाही. उद्या इंदिरानगरला जाऊन त्यावर एक फडकं टाकून शॉट पुन्हा घेते. काकू म्हणाल्या आहेत, येताना मुहूर्त बघून या, मागच्या वेळी त्यांचं दूध उतू गेलं होतं.